झोप लागते, पण नाडी विसावत नाही

वैभववाडी तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या सूनबाईंचे पत्र श्रावणाच्या सुरुवातीला आले. पत्रासोबत वहीची दोन पाने होती. त्यावर आखलेल्या रकान्यांत तारीख, झोपेचे तास, रात्रीची सरासरी नाडी आणि मनगटी घड्याळ HRV या अक्षरांखाली दाखविते तो आकडा, असे सारे नीटस लिहिलेले होते. घड्याळ मुंबईच्या मुलाने वडिलांसाठी पाठविले होते आणि वही ठेवण्याचा आग्रह स्वतः गुरुजींचा. हजेरीपट भरण्याची चाळीस वर्षांची सवय निवृत्तीनंतर सुटत नाही, हे मी माझ्या वडिलांतही पाहिले आहे.

पत्रातील प्रश्न सरळ होता. गुरुजींचे वय 76. रक्तदाबासाठी सकाळी अ‍ॅम्लोडिपिनची एक गोळी आणि गेली तीन वर्षे रात्री अल्प्राझोलामची 0.5 मिलिग्रॅमची गोळी. मे महिन्यात झोपेतील सरासरी नाडी मिनिटाला 57 होती, ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून 66 झाली. तो दुसरा आकडा 26 वरून 15 वर उतरला. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, ताप नाही आणि झोप तर पूर्वीपेक्षा अधिक लागते. ‘मग हृदयात काही बिघडले आहे का? घाट चढून कोल्हापूरला न्यावे का?’ असे सूनबाईंनी विचारले होते. करूळ घाटात पावसाळ्यात दरड कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा हा प्रश्न केवळ वैद्यकीय नव्हता, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको.

उत्तराकडे वळण्यापूर्वी त्या दोन आकड्यांचा अर्थ पाहू. आपले हृदय मेंदूच्या आज्ञेवाचूनही चालते. ठोके सुरू करणारी पेशींची एक लहानशी गाठ उजव्या कप्प्यात असते आणि तिचा स्वतःचा एक वेग असतो. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून हा वेग काढण्याचे सोपे सूत्र मिळाले: 118 मधून वयाच्या 0.57 पट वजा करावी. गुरुजींच्या वयाला हा वेग सुमारे 75 येतो. म्हणजे सर्व मज्जातंतू तोडून टाकले, तर त्यांचे हृदय मिनिटाला अदमासे 75 वेळा धडधडेल. झोपेत ते 57 पर्यंत खाली येत होते, कारण मेंदूपासून निघणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू रात्री त्यावर लगाम ओढून धरतो. हा लगाम ज्या रसायनामार्फत ओढला जातो त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलिन.

व्हेगसचा लगाम एकसारखा ताणलेला नसतो. श्वास आत घेताना तो किंचित सैल होतो आणि श्वास सोडताना पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे दोन ठोक्यांमधील अंतर प्रत्येक वेळी थोडे बदलते, कधी 1020 मिलिसेकंद, कधी 1050, कधी 1035. हा जो लहानसा फरक, त्याचेच माप घड्याळ मिलिसेकंदांत दाखविते. फरक अधिक म्हणजे लगाम सजग, फरक कमी म्हणजे लगाम सैल किंवा थकलेला. वयानुसार हा आकडा उतरतोच. तिशीच्या मुलाच्या घड्याळावर 50 दिसले आणि आपल्यावर 26, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांची घड्याळे निरनिराळ्या सूत्रांनी हा आकडा काढतात. तुलना करायची ती आपलीच आपल्याशी, त्याच घड्याळावर आणि एका रात्रीची नव्हे तर दोन आठवड्यांच्या सरासरीची.

आता गुरुजींच्या वहीकडे पुन्हा पाहा. लगामाने एकूण 18 ठोके खाली ओढले होते. नाडी 66 झाली, म्हणजे त्यातील 9 ठोके सुटले. वरवर पाहता ‘नऊच तर वाढले’ असे वाटते. 66 हा आकडा कोणत्याही डॉक्टरांना वावगा वाटणार नाही. पण हिशेब असा की निम्मा लगाम गेला होता. वृद्धांच्या बाबतीत हीच फसगत होते. हृदयाचा मूळ वेगच वयाने मंदावलेला असल्यामुळे नाडी फार वर जाऊच शकत नाही आणि बिघाड लहान दिसतो.

मी सूनबाईंना फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरात कोणती नवी गोळी आली? ‘नवी काहीच नाही,’ त्या म्हणाल्या. मग मागून गुरुजींच्या पत्नीचा आवाज आला, ‘अगो, ती खाजेची गोळी!’

पावसात कपडे वाळत नाहीत, ओलसर कपडे अंगावर राहतात. गुरुजींच्या जांघेत आणि कमरेला खाज सुटली होती. दुकानातून फेनिरामाइनची गोळी आणली, जी अ‍ॅव्हिल या नावाने कोकणात घरोघरी ठाऊक आहे. पहिले काही दिवस 25 मिलिग्रॅम, खाज थांबेना म्हणून नंतर 50. खाज थोडी शमली आणि झोप छान लागू लागली, म्हणून गोळी चालूच राहिली. तिला कोणी ‘औषध’ मानलेच नव्हते. अल्प्राझोलाम ही अनुसूची एच-1 मधील गोळी आहे. 1 मार्च 2014 पासून औषध दुकानदाराला तिची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते, त्यामुळे घरच्यांच्या मनातही तिचा थोडा दरारा असतो. अ‍ॅलर्जीच्या गोळीला तो मान नाही. तिच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे असा इशारा छापलेला असतो, पण तो वाचायला भिंग लागते.

फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन आणि हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीची अ‍ॅलर्जीविरोधी औषधे. ती खाज उत्पन्न करणाऱ्या हिस्टामिनला अडवितात, हे त्यांचे जाहीर काम. मेंदूत शिरून तिथलेही हिस्टामिन अडवितात, म्हणून पेंग येते. परंतु यांतील बहुतेक औषधे अ‍ॅसिटिलकोलिनलाही कमी-अधिक प्रमाणात अडवितात. म्हणजे ज्या रसायनामार्फत व्हेगस हृदयाचा लगाम ओढतो तेच निकामी होते. मेंदू झोपलेला असतो, व्हेगस संदेशही पाठवीत असतो, पण हृदयाच्या दाराशी तो संदेश घेणारे कोणी नसते. म्हणून माणूस गाढ झोपलेला दिसतो आणि नाडी मात्र दिवसासारखी चालते. तोंड कोरडे पडणे, मलावरोध, डोळ्यांपुढे धूसर दिसणे आणि लघवी अडणे ही त्याच अडवणुकीची दुसरी रूपे आहेत. कोणाची रात्रीची नाडी वाढली आणि त्याच आठवड्यात रात्री पाण्याचा तांब्या उशाशी लागू लागला, तर प्रथम औषधांच्या डब्याकडे पाहावे.

गुरुजींना मी तोंडाविषयी विचारले. ‘कोरडे पडते. आणि लघवीला उठतो, पण होत नाही पुरती,’ ते म्हणाले. प्रोस्टेटची ग्रंथी त्यांची आधीच थोडी वाढलेली होती. तालुक्यातच सोनोग्राफी झाली, तेव्हा लघवी करून आल्यावरही मूत्राशयात 180 मिलिलिटर लघवी शिल्लक होती. तटतटलेले मूत्राशयही झोपेत नाडी वाढविते. त्या 9 ठोक्यांपैकी किती गोळीने थेट वाढविले आणि किती या अडलेल्या लघवीने, हे वेगळे काढता येत नाही. कारण मात्र एकच होते.

येथवर गोष्ट सोपी होती. पुढे जे घडले त्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

मी सांगितले होते की खाजेची गोळी बंद करा आणि कमरेची त्वचा डॉक्टरांना दाखवा. घरच्यांनी अर्थ असा घेतला की गोळ्याच वाईट. मुलाने मुंबईहून फोनवर फर्मान काढले, ‘बाबांच्या झोपेच्या सगळ्या गोळ्या बंद.’ त्याच रात्री फेनिरामाइनही थांबली आणि अल्प्राझोलामही. पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री झोप दीडनंतर उडाली. तिसऱ्या रात्री सरासरी नाडी 81 आणि दुसरा आकडा 11. हात थरथरत होते, घाम आला होता, आणि पहाटे गुरुजी बायकोला विचारीत होते की शाळेची घंटा झाली का. घरच्यांना वाटले, आता खरोखर हृदयाचा झटका.

तो झटका नव्हता. अल्प्राझोलाम आणि तिच्या कुळातील डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही औषधे मेंदूतील ‘गाबा’ नावाच्या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवितात. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू आपली स्वतःची शांतवण्याची यंत्रणा हळूहळू आवरती घेतो. मदत एकाएकी काढून घेतली, तर काही दिवस शांत करणारे कोणीच उरत नाही. हात थरथरतात, घाम येतो, नाडी चढते, रक्तदाब वाढतो, भ्रम होतो आणि क्वचित फेफरेही येते. वृद्धांत अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 16 तास लागतात. म्हणून पहिली रात्र निभावते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तडाखा बसतो. डायझेपामसारखी औषधे वृद्धांच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळतात, त्यांचा तडाखा आठवड्याने येऊ शकतो आणि तोवर घरचे ‘सुटली एकदाची गोळी’ म्हणून निश्चिंत झालेले असतात.

स्थानिक डॉक्टरांनी गुरुजींची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. इसीजी काढला, तो ठीक होता. दुसऱ्या रात्री नाडी 68 वर आली. काही वाचकांना हे विचित्र वाटेल की जी गोळी सोडवायची तीच पुन्हा दिली. पण गोळी सोडवायची झाली तरी ती शरीराला पत्ता लागू न देता सोडवावी लागते.

या कुळातील औषधांचा नाडीवर होणारा परिणाम अ‍ॅलर्जीच्या गोळीएवढा सरळ नाही. चिंतेने ज्याची नाडी चढलेली असते त्याची ती या गोळीने उतरते, हे सर्वांना माहीत आहे. पण मेंदूच्या ज्या भागातून व्हेगसला आज्ञा मिळतात तोही भाग या औषधांनी थोडा मंदावतो. म्हणून चिंता शमूनही व्हेगसचा लगाम किंचित सैल राहू शकतो आणि ठोक्यांतला फरक कमी दिसतो. नेहमीच्या लहान मात्रेत हा परिणाम बहुधा सौम्य असतो. या गोळ्यांची खरी हानी त्या नाडीला काय करतात यात नाही, तर रात्री लघवीला उठताना पाय लटपटून मांडीचे हाड मोडण्यात आणि सकाळच्या विसराळूपणात आहे. अमेरिकेत 1991 साली बिअर्स यांनी वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी केली. वेळोवेळी सुधारलेल्या त्या यादीत हे कूळ आणि जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दोन्ही आहेत. झोल्पिडेम वेगळ्या घडणीचे, लवकर उतरणारे आणि नाडीला फारसे न छेडणारे औषध आहे, पण तोल जाण्याचा धोका त्यातही आहेच, म्हणून वृद्धांना त्याची मात्रा 5 मिलिग्रॅमच ठेवतात.

गुरुजींच्या खाजेचे निदान दहा मिनिटांत झाले. गजकर्ण. ओलाव्याने वाढणारी बुरशी. अ‍ॅलर्जीच्या गोळीचा तिच्याशी काही संबंधच नव्हता. बुरशीवरचे मलम, वाळलेले सुती कपडे आणि चुलीजवळ पंचा वाळविण्याची सोय एवढ्याने तीन आठवड्यांत खाज गेली. फेनिरामाइन बंद केल्यावर तिचा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरला. या औषधाला हळूहळू उतरविण्याची गरज बहुधा पडत नाही. आठवड्याने मूत्राशयात उरणारी लघवी 60 मिलिलिटर भरली.

अल्प्राझोलामला मात्र दहा आठवडे लागले. पहिले दोन आठवडे 0.375 मिलिग्रॅम, म्हणजे 0.25 ची दीड गोळी. पुढचे दोन आठवडे 0.25. मग दोन आठवडे अर्धी गोळी आणि तीच अर्धी आणखी चार आठवडे, कारण शेवटची पायरी सर्वांत अवघड असते. मधले दिवस गाळून, एक दिवसाआड गोळी घेण्याची पद्धत अनेक घरांत चालते. ती चुकीची, कारण त्यात शरीर दर दुसऱ्या रात्री उपाशी राहते. ही पायऱ्यांची मांडणी गुरुजींची आहे. आपली मात्रा, औषध आणि वर्षे निराळी असतील, तेव्हा आपल्या डॉक्टरांकडूनच ती आखून घ्यावी. प्रत्येक पायरीनंतर तीन-चार रात्री नाडी चार-पाच ठोक्यांनी चढे आणि मग उतरे. उतरली की पुढची पायरी. एका पायरीला ती उतरलीच नाही, तेव्हा आठवडाभर तिथेच थांबायचे ठरले होते. तशी वेळ आली नाही. या कामासाठी घड्याळाचा उपयोग मला मनापासून पटला. एरवी रात्रभर आकडे मोजून माणसाची झोप उडविणाऱ्या या यंत्राविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

घड्याळ केवळ सरासरी दाखवीत नाही, रात्रीच्या नाडीचा आलेखही दाखविते आणि तो सरासरीपेक्षा बोलका असतो. निरोगी रात्री नाडी झोप लागल्यावर हळूहळू उतरते आणि पहाटेपूर्वी तळाला जाते. उशिरा जड जेवण झाले किंवा मद्य घेतले, तर आलेख पूर्वार्धात चढा राहतो आणि पहाटे खाली येतो. अ‍ॅलर्जीच्या गोळीचा आलेख सपाट असतो, तो चढत नाही आणि उतरतही नाही. गोळी एकाएकी सुटल्याचा आलेख उत्तरार्धात दातेरी होतो, मधूनमधून जाग आणि प्रत्येक जागेला उंच सुळका. तापात संपूर्ण आलेखच उचललेला असतो आणि श्वासांची संख्याही वाढते. गुरुजींचा जुलैचा आलेख ओट्यासारखा सपाट होता आणि ऑगस्टमधील त्या तीन रात्रींचा करवतीसारखा.

काही जणांच्या बाबतीत हे आकडे फसवतात. ज्यांचे ठोके मुळातच अनियमित आहेत, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आहे, त्यांच्या घड्याळावर HRV चा आकडा 80-90 असा डोळे दिपविणारा दिसतो. तो आरोग्याचा नव्हे, अनियमिततेचा आकडा असतो. पेसमेकर असेल तर हा आकडा निरर्थक. जे घोरतात आणि ज्यांचा श्वास झोपेत मध्येच थांबतो, त्यांची नाडी प्रत्येक थांबण्याला मंदावते आणि श्वास सुटल्यावर उसळते. या हेलकाव्यांनीही काही घड्याळांवर आकडा वाढतो. अशा माणसाला झोपेची गोळी दिली, तर श्वास अधिक वेळ थांबतो आणि घड्याळ मात्र सुधारणा झाल्याचे सांगू शकते. तिथे आकडा सोडून शेजारी झोपणाऱ्याच्या कानावर विश्वास ठेवावा. आणि चिंतेसाठी प्रोप्रॅनोलॉल मिसळलेली गोळी चालू असेल, तर नाडी त्या औषधानेच दाबलेली असते. ती वाढली नाही म्हणजे काही बिघडले नाही, असे समजू नये.

याच सुमारास गुरुजींच्या एका शेजाऱ्यांनी सर्पगंधेचे चूर्ण सुचविले होते. सर्पगंधा हे साधे प्रकरण नव्हे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. ती रक्तदाब उतरविते, नाडीही मंदावते, पण वृद्धांत खोल औदासीन्य आणू शकते. अ‍ॅम्लोडिपिनच्या जोडीला आपल्या मनाने ती घेऊ नये. मंद नाडी म्हणजे चांगली नाडी असे समीकरण नाही.

ज्यांच्याकडे घड्याळ नाही त्यांनी पहाटे जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि कॅलेंडरवरच लिहावी. आठवडाभराची सरासरी नेहमीपेक्षा आठ-दहांनी सरकली, तर गेल्या पंधरवड्यात कोणती गोळी, सिरप किंवा सर्दीची पुडी आली किंवा सुटली, ते आठवावे. झोपलेला माणूस हाका मारूनही नीट जागा होत नसेल, बरळत असेल, स्वस्थ पडून असताना नाडी शंभरावर असेल, किंवा पन्नासाच्या खाली जाऊन भोवळ येत असेल, तर आठवणी काढीत न बसता जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि सोबत औषधांचा डबा घ्यावा. डबाच. यादी नव्हे, कारण यादीत खाजेची गोळी कोणी लिहीत नाही.

गुरुजींची गोळी ऑक्टोबरच्या अखेरीस सुटली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या वहीत सरासरी नाडी 58, दुसरा आकडा 24 आणि झोप पावणेसहा तास. ती त्यांना कमी वाटते आणि तशी तक्रार त्यांनी पत्रात केलीही आहे. त्याच पत्रात त्यांनी पुढे लिहिले आहे की थंडी पडल्यापासून पत्नीला खोकला आहे, म्हणून दुकानातून आणलेल्या सिरपच्या बाटलीची मागची बाजू त्यांनी भिंगाने वाचली. तिच्यावर क्लोरफेनिरामाइन मॅलिएट असे लिहिलेले आहे. हे त्याच घराण्यातले का, असे त्यांनी विचारले आहे. होय गुरुजी, त्याच घराण्यातले, आणि याचा परिणाम वृद्धांच्या शरीरात फेनिरामाइनहूनही अधिक काळ टिकतो.